चाळणकाकूंचा सतरावा घाणा

"जीभ फसते, पोट फसत नाही."

हे चाळणकाकूंचं वाक्य. भाजीवाला कालच्या पालकावर पाणी शिंपडून ताजा म्हणून विकायला लागला की त्या हे त्याला ऐकवायच्या. काका उघड्यावर राहिलेला बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकायला गेले की त्यांना ऐकवायच्या. समोर कुणीच नसलं तर पिठाला ऐकवायच्या. ऐकणारा हसो वा चिडो, वाक्य तेच आणि आवाजही तोच, उंबऱ्यावर पाणी टाकावं तसा सपकन पडणारा.

त्यांना चाळणकाकू कुणी म्हणायला लागलं ते आता आठवत नाही. पण नाव चिकटलं ते उगाच नाही. पीठ त्या तीनदा चाळायच्या. तीळ एकदा पाखडून, एकदा चाळून घ्यायच्या. मीठसुद्धा चाळायच्या. काका म्हणायचे, "हिला पाणी चाळता येत नाही म्हणून गाळते, नाहीतर तेही सोडलं नसतं." काका एके काळचे शिंपी. नजर मंदावली तेव्हा मशीन सुटलं, पण बोटांतली सरळ रेघ सुटली नाही. ती रेघ पुढे पाकिटांच्या तोंडाला लागली. तापलेल्या पट्टीखाली प्लॅस्टिकचं तोंड धरून दाबायचं आणि चिकटवायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी चिकटवलेलं पाकीट वाकडं कधी निघालं नाही.

माझं दुकान त्यांच्या घरासमोर. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लेबलं, लग्नाच्या पत्रिका, जे येईल ते. शाळा मी अर्ध्यातून सोडली, पण छापायला आलेला एकही कागद न वाचता कधी छापला नाही. त्या वाचण्यानेच मी थोडाफार शहाणा झालो. आणि वाचून, समजून, एकदा जे केलं त्यानेच हे सगळं लिहायची वेळ आली.

काकू तिळाच्या काड्या करायच्या. कणीक, तीळ, जिरं, मिरं, थोडं तूप. लाटून, पट्ट्या कापून, ओव्हनमध्ये भाजलेल्या. काडी मोडली की तिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा. आधी त्या ओळखीपाळखीत द्यायच्या. मग त्यांच्या भाचीने फोनवर फोटो काढून, घरगुती खाऊ विकतात त्या एका साइटवर टाकायचं ठरवलं. साइटने पहिलाच प्रश्न विचारला, अन्नपदार्थ विकण्याचा नोंदणी क्रमांक काय?

काकू माझ्या दुकानात आल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. "अरे, घरात रांधायला आता सरकारची परवानगी लागते?"

"घरात रांधायला नाही काकू. रांधून विकायला."

"मग तीस वर्षं यांना फुकट खाऊ घातलं तो गुन्हा नाही ना?"

"तो तुमचा आणि काकांचा खासगी मामला."

त्या हसल्या आणि स्टुलावर बसल्या. फॉर्म मी भरला. फोटो, ओळखपत्र, घराच्या पत्त्याचा पुरावा, काय काय बनवणार त्याची यादी, आणि शेवटी एक घोषणापत्र. ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नोंदणी या पत्त्यावरच्या या जागेसाठी आहे; जागा बदलली किंवा दुसरीकडे माल बनवला तर त्या जागेची वेगळी नोंदणी घ्यावी लागेल. काकूंनी मान डोलावली आणि वळणदार सही केली. ती ओळ माझ्या तोंडून त्या दुकानात उच्चारली गेली होती, हे लक्षात ठेवा. मी विसरलो नाही, हेच तर दुःख आहे.

मग तपासणीला बाई येणार म्हणून निरोप आला आणि काकूंची पाचावर धारण बसली. स्वच्छता त्यांच्या अंगातच होती, पण अंगात असणं वेगळं आणि परक्या माणसासमोर कागदाबरहुकूम दाखवणं वेगळं. खिडकीला बारीक जाळी बसवली. कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडायचं झाकण आणलं. साबण, फिनेल, उंदराचं औषध हे सगळं स्वयंपाकघरातून काढून मोरीजवळच्या कपाटात गेलं. पाणी तपासून आणलं. दोघांनी दवाखान्यात जाऊन तपासणी केली आणि डॉक्टरचा दाखला घेतला. काका म्हणाले, "लग्नाच्या वेळी एवढी तपासणी झाली असती तर हिने मला नापास केलं असतं."

राहिली अंगठी. अन्न हाताळताना हातात दागिना नको, असा नियम. काकूंच्या बोटातली अंगठी तीस वर्षांत निघाली नव्हती. साबण लावला, तेल लावलं, काकांनी शिवणाचा दोरा बोटाला गुंडाळून हळूहळू सरकवली तेव्हा कुठे ती सुटली. बोटावर पांढरा वळ राहिला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि अंगठी तिथे टांगली. काम सुरू करताना अंगठी खिळ्यावर, काम संपलं की बोटात. मग मग त्यांचं काम संपेनासंच झालं आणि अंगठी खिळ्यावरच राहायला लागली.

तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं. त्यांनी ओट्याखाली वाकून पाहिलं, चाळण्या उजेडात धरल्या, काकूंची नखं पाहिली. निघताना एवढंच म्हणाल्या, "वही ठेवा. कुठल्या तारखेला, कुठल्या पिठाचं, किती केलं. बॅच नंबर पाकिटावर आणि वहीत एकच असू द्या. उद्या काही झालं तर वहीच तुमची साक्षीदार."

काकू बॅचला घाणा म्हणायच्या. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, घाणा पहिला. दर महिन्याला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

नोंदणीचा कागद आला, तो मी जाड प्लॅस्टिकमध्ये घालून दिला. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आल्यागेल्याला दिसेल असा लावला. मग लेबल. पदार्थाचं नाव, घटक वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ते, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक. गहू, तीळ आणि तूप यांची ज्यांना बाधा होते त्यांच्यासाठी वेगळी ओळ. एवढं झाल्यावर काकू म्हणाल्या, "अजून एक ओळ टाक. या स्वयंपाकघरात शेंगदाणे आणत नाहीत."

काकांना शेंगदाण्याने घसा धरायचा, म्हणून त्या घरात लग्नापासून शेंगदाणा नव्हता. डबा नव्हता, तेल नव्हतं, मूठभर खारेसुद्धा नव्हते. मी म्हटलं, "टाकूया. पण टाकलं की ते कायम खरं असलं पाहिजे हां. लेबल म्हणजे शब्द दिल्यासारखं."

"तीस वर्षं खरं आहे ते," काकू म्हणाल्या.

त्या ओळीने चमत्कार केला. कुठून कुठून ऑर्डरी यायला लागल्या. बहुतेक आयांच्या. ज्यांच्या पोरांना शेंगदाणा म्हणजे विष, ज्या पोरांनी वाढदिवसाला दुसऱ्याच्या घरी नुसतं पाणी पिऊन परत यायचं, त्यांच्या आया साइटवर लिहायच्या, "धन्यवाद, शाळेच्या डब्यात निर्धास्त देता येतं." भाची ते वाचून दाखवायची आणि काकू दुसरीकडे बघत पीठ चाळत राहायच्या. अभिमान लपवायचा त्यांचा तोच एक मार्ग होता.

दीड वर्ष असं चाललं. माझ्या गल्लीत पहाटे भाजलेल्या तिळाचा वास यायचा आणि त्यावर मी घड्याळ लावायचो.

मग तो आठवडा आला. शाळा उघडायला चार दिवस उरले होते आणि साइटवर साठ पाकिटांची मागणी पडली. वेळेत पाठवलं नाही तर साइट विक्रेत्याला मागे ढकलते, दिसेनासं करते. काकूंनी तीस पाकिटं पुरी केली आणि ओव्हन गार पडला. मेकॅनिकने पाठ उघडून सांगितलं, "कॉइल गेली. नवी मागवावी लागेल. पाच दिवस."

काकू ओव्हनसमोर हात लोंबते सोडून बसल्या. तेवढ्यात धाकटी जाऊ आली. दोन घरं सोडून राहायची. बोलण्यात तिखट, पण अडीनडीला धावणारी.

"ताई, माझा ओव्हन काय शोभेला आहे का? चला तिकडे."

"अगं, पण नोंदणी या घराची."

"दोन घरांच्या अंतरात काय पीठ बदलतं? मी ओटा घासून देते. सगळं तुमच्या हातानेच करा."

काकूंचा पाय निघेना. त्या माझ्याकडे आल्या. तीस लेबलं कमी पडत होती, ती छापायची होतीच. मी संगणकावर जुनी फाइल उघडली आणि विचारलं, "काकू, पत्ता कुठला टाकू? धाकटीच्या घराची वेगळी नोंदणी करायची तर अर्ज आज टाकतो, पण आठ-दहा दिवस तरी लागतील."

त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आज कळतं, त्या मी नको म्हणावं म्हणून थांबल्या होत्या. चाळणीला माती आणि तीळ वेगळं करायला सांगावं लागत नाही, पण माणसाला कधीकधी दुसऱ्याने सांगावं लागतं.

आणि मी म्हटलं, "नंबर काय घर बघतो का काकू? हात तर तुमचेच ना?"

त्या हसल्या. मोकळं झाल्यासारख्या हसल्या. मी तीस लेबलं छापून दिली. जुना पत्ता, जुना नंबर, आणि शेवटची ती ओळ. या स्वयंपाकघरात शेंगदाणे आणत नाहीत.

काकूंनी जे करायचं ते सगळं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पीठ आपलं नेलं, तीळ आपले, तूप आपलं, तिन्ही चाळण्या आपल्या, लाटणं, पत्रे, पातेली, सगळं डोक्यावरून नेलं. धाकटीच्या घरातला शेंगदाण्याचा डबा आधी बाहेर काढायला लावला. ओटा दोनदा गरम पाण्याने धुतला. डोक्याला फडकं बांधलं. अंगठी इकडे खिळ्यावरच होती. जिरं-मिरं भाजून झालं आणि दळायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, मिक्सर घरी राहिला.

"माझा आहे की," धाकटी म्हणाली. "त्यात काय दळतेस?" काकूंनी विचारलं. "सगळंच दळते. सकाळी कूट केला होता, पण धुतलाय."

काकूंनी ते भांडं घेतलं. साबणाने धुतलं. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा उकळतं पाणी घालून फिरवलं, ओतलं, कोरडं केलं, नाकाशी धरून वास घेतला. वास नव्हता. मग जिरं-मिरं दळलं.

संध्याकाळपर्यंत काड्या झाल्या. काकांनी पाकिटं चिकटवली. काकूंनी वहीत लिहिलं: घाणा सतरावा. तीस पाकिटं. आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, आपल्या बारीक अक्षरात: धाकटीच्या घरी केला, ओव्हन बंद म्हणून.

दहा दिवसांनी भाची धावत आली. साइटवर तक्रार होती, आणि साइटने काकूंचं पान बंद केलं होतं. एका सहा वर्षांच्या मुलीने शाळेतून येऊन दोन काड्या खाल्ल्या होत्या. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकायला लागला. दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. रात्रभर देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. तिला शेंगदाण्याची बाधा होती. पाकिटाचा फोटो होता, काकांची सरळ रेघ त्यात दिसत होती. घाणा सतरावा.

 "मुलगी बरी आहे ना?" हे काकूंनी भाचीला चार वेळा विचारलं. चार वेळा उत्तर ऐकूनही त्यांना ते पोचलं नसावं.

मग तडक धाकटीच्या घरी गेल्या. मी दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग गेलो. काकूंनी मिक्सरचं भांडं उपडं केलं. चमच्याच्या मागच्या टोकाने पात्याखालचं नट फिरवलं. पातं निघालं. त्याच्याखाली रबराचा वॉशर होता, बोटभर रुंदीचं काळं वळं. तो उचकटला. त्याच्या आतल्या बाजूला तपकिरी, दाट, तेलकट थर होता. अनेक दिवसांच्या कुटाचा. धाकटीने तो कधी काढलाच नव्हता. घरच्या भाजीत पडला तर कोण बघतं?

काकूंनी तो थर अंगठ्याच्या नखावर घेतला. वास घेतला. आता वास येत होता.

 काकूंनी तीनदा धुतलेलं भांडं ओट्यावर चकचकीत उभं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई येणार, असा फोन आला. त्या सकाळी धाकटी आली ती दार लावूनच बोलायला लागली. मी आत होतो, काका पट्टीच्या यंत्रापाशी होते.

"ताई, वहीचं ते पान काढा."

काकू चाळणी पुसत राहिल्या.

"ऐका माझं. पाकिटावर पत्ता तुमचा. त्या येतील, तुमचं घर बघतील. तुमच्या घरात शेंगदाणा आहे का? नाही. सापडणार काय? काहीच नाही. तुमचा नंबर वाचेल, साइटवरचं पान परत सुरू होईल. माझ्या घरात पाऊल टाकायचं कुणाला कारणच उरणार नाही."

"आणि त्या मुलीला झालं ते?"

"वाचली ना ती! देवाची कृपा. आता तुम्ही पकडल्या गेलात तर तिचं काय भलं होणार आहे?"

मी मान खाली घातली. खरं सांगतो, मलाही वाटलं की धाकटीचं बरोबर आहे. त्या पानाबरोबर माझी ती तीस लेबलंही नाहीशी झाली असती.

काका यंत्राशी काहीतरी खुडबुड करत होते, ते न बघताच बोलले, "धाकटे, शिवण उसवली की आधी दोरा कुठे तुटला ते शोधतात. नुसतं वरून इस्त्री केली तर पुढच्या धुण्याला कापडच फाटतं."

"भावोजी, तुमचं शिवणकाम पुरे. इथे ताईंचं घर बुडतंय."

काकूंनी वही हातात घेतली. सतराव्या घाण्याचं पान उघडलं. बराच वेळ त्या पानाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या, जसं कापड फाडण्याआधी शिंपी फिरवतो तसं. मला वाटलं, फाडणार.

मग म्हणाल्या, "माझ्या घरात शेंगदाणा सापडला नाही, तर तिच्या आईला काय सांगतील? काड्यांत शेंगदाणा नव्हता म्हणतील. मग ती बिचारी शोधत बसेल, लेकीला नक्की कशाने झालं. तिळाने? गव्हाने? तुपाने? एकेक करून सगळं बंद करेल. भाकरीचा तुकडा द्यायलासुद्धा घाबरेल ती." त्यांनी वही मिटली. "नाही गं. कशाने झालं ते तिला कळलं पाहिजे."

"मग बुडा!" धाकटी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं नावसुद्धा लिहिलंय त्यात."

"तुझं नाव नाही. तुझं घर लिहिलंय. चूक माझी आहे."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. चूक माझीही आहे, पत्ता कुठला टाकू हे मी विचारलं होतं आणि उत्तरही मीच दिलं होतं. पण मी काकांच्या यंत्राशेजारची पाकिटं नीट रचत राहिलो. 

तपासनीस बाई आल्या. काकूंनी चहा विचारला नाही, खुर्ची विचारली नाही. वही उघडून समोर ठेवली आणि वॉशर एका स्वच्छ पिशवीत घालून वहीवर ठेवला.

बाईंनी ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली.

"हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलं होतं?"

"हो."

"म्हणजे चुकतंय हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर लिहिलं."

बाईंनी ती ओळ आपल्या कागदावर उतरवून घेतली. मग धाकटीच्या घरी जाऊन आल्या, ओटा पाहिला, मिक्सर पाहिला. ऑर्डर रद्द झाल्याने उरलेलं एक पाकीट काकूंनी स्वतःच काढून दिलं, ते नमुना म्हणून बांधून, सही-शिक्क्यानिशी प्रयोगशाळेसाठी घेतलं. कागद लिहिले. विक्री ताबडतोब बंद, नोंदणी तात्पुरती स्थगित. नोंदणी नसलेल्या जागी माल बनवला आणि लेबलवर खोटं विधान गेलं, याची नोटीस. सुधारणेसाठी मुदत. आणि सतराव्या घाण्याची जितकी पाकिटं गेली तितक्या गिऱ्हाइकांना कळवून माल परत घ्यायचा.

निघताना त्या काकूंना म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल, एवढं धुतल्यावर घराच्या पत्त्याने काय फरक पडतो. मी तुमच्या मिक्सरचा वॉशर त्या दिवशी काढून पाहिला होता, आठवतं? तिचा मी पाहिला नव्हता. नोंदणी एवढ्याचसाठी असते."

काकूंना आठवलं. मलाही आठवलं. मी तेव्हा दारात उभं राहून हसलो होतो, बाई किती कीस पाडतात म्हणून.

गिऱ्हाइकांना फोन माझ्या दुकानातून झाले. एकोणतीस नंबर, दोन दिवस. काकूंनी भाचीला करू दिले नाहीत, मला करू दिले नाहीत. प्रत्येकाला तेच शब्द: "मी तिळाच्या काड्या करणारी बोलतेय. सतराव्या घाण्याचं पाकीट असेल तर खाऊ नका, शेंगदाण्याचा अंश गेलाय. माझ्या चुकीने." कुणी तावातावाने बोललं, कुणी ठेवून दिला, एक आजोबा म्हणाले, आम्ही तर संपवल्या, फार छान होत्या. त्याचंच काकूंना जास्त लागलं.

त्या मुलीच्या आईचा नंबर त्यांनी शेवटी ठेवला होता. तो लावताना स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. शिव्या येतील असं वाटलं होतं. आल्या नाहीत.

"ती ओळ वाचून घेतलं हो मी," पलीकडची बाई म्हणाली. "सहा वर्षांत पहिल्यांदा तिला बाहेरचं दिलं. माझ्या हाताने पाकीट फोडून दिलं."

काकू म्हणाल्या, "कशाने झालं ते सांगायला फोन केला. शेंगदाणाच होता. दुसरं काही नाही. तीळ खाऊ दे तिला, गहू खाऊ दे. डॉक्टरांनाही सांगा. दुसरं काही तोडू नका तिचं."

 मग ती बाई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि फोन ठेवला. माफ केलं असं म्हणाली नाही. काकूंनी मागितलीही नव्हती.

पुढचं सगळं कागदाप्रमाणे झालं. काकूंनी उत्तर दिलं, दंड भरला, लेबलावरची ओळ काढली, नव्या कॉइलचं बिल जोडलं. बाई पुन्हा येऊन तपासून गेल्या आणि दोन महिन्यांनी नोंदणी पुन्हा सुरू झाल्याचं पत्र माझ्या संगणकावर आलं. धाकटीने मधल्या काळात स्वतःच्या घरासाठी अर्ज केला होता. तो मीच भरला. तिने घोषणापत्र दोनदा वाचायला लावलं. तिच्या ओट्यावर आता दोन मिक्सर असतात, एकाच्या भांड्याला लाल दोरा, आणि दर रविवारी ती वॉशर काढून उन्हात ठेवते. तिच्या लेबलवर स्वच्छ लिहिलेलं असतं: या स्वयंपाकघरात शेंगदाणे वापरतात.

पत्र छापून मी उड्या मारत रस्ता ओलांडला. जीव भांड्यात पडला होता. वाटलं, उद्या पहाटे पुन्हा तिळाचा वास येईल आणि माझ्या त्या एका वाक्याचं ओझं उतरेल.

काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. ओटा कोरडा. तिन्ही चाळण्या धुऊन एकीत एक घालून ठेवलेल्या. त्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं, अगदी खालच्या शिक्क्यापर्यंत.

"छान छापलंस," म्हणाल्या.

"काकू, सुरू करूया. ती ओळ नको, बाकी सगळं तेच. गिऱ्हाईक विचारतंय."

"गिऱ्हाईक काय, विचारणारच. जीभ फसते." पुढचं त्या बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा अर्धं सोडलं.

"मी बोललो म्हणून झालं हो काकू," मी शेवटी म्हटलं. "नंबर घर बघतो का, असं मीच म्हटलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तू म्हटलंस," त्या म्हणाल्या. "पण तू 'नको' म्हणावंस म्हणून मी तुझ्याकडे आले होते. आणि 'हो' ऐकल्यावर मला बरं वाटलं. ते बरं वाटणं माझं आहे, त्यात तुझा वाटा नाही."

मग त्यांनी भिंतीवरचा नोंदणीचा कागद काढला, नव्या पत्राबरोबर घडी न घालता वहीत ठेवला आणि वही माझ्या हातात दिली. "नोंदणी परत द्यायची असते ना, काम बंद केलं की? तेवढा अर्ज भर."

दाराशेजारच्या खिळ्यावरून अंगठी काढली. बोट मधल्या काळात बारीक झालं होतं. या वेळी साबण लागला नाही, दोरा लागला नाही. अंगठी आपोआप सरकली आणि सैल बसली. त्यांनी अंगठ्याने ती जागेवर ढकलली, पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणायला निघाल्या, रिकामी पिशवी हातात घेऊन.

धाकटीच्या दारावरून जाताना त्या थांबल्या नाहीत. आत ओव्हन चालू होता, धाकटी खिडकीच्या जाळीपलीकडे डोक्याला फडकं बांधून उभी होती, हातातलं काम थांबलं होतं. इकडे काका यंत्राच्या गार पट्टीवर हात ठेवून, अंधूक नजरेने रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होते. आणि मी उंबऱ्यावर उभा होतो, वही छातीशी धरून, त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत.